ए-२ दूध: एका ग्लासात नेमका फरक किती?

घरी तूप कढवताना पातेल्याच्या तळाशी जी तांबूस, खमंग बेरी उरते, तिच्यापासूनच सुरुवात करू. लोणी मंद आचेवर ठेवले की आधी फेस येतो, मग पाणी उडून जाते, आवाज थांबतो आणि तळाशी कण जमून तांबूस होतात. हे कण म्हणजे लोण्याला चिकटून आलेली दुधातली प्रथिने आणि थोडी दुधातली साखर. तूप गाळले की ते गाळणीत राहतात, आणि बरणीत जाते ती जवळजवळ निव्वळ चरबी. आपल्याकडच्या अन्न नियमांप्रमाणे तुपात किमान ९९.५ टक्के दुधाची चरबी असावी लागते, आणि उरलेल्या अर्ध्या टक्क्यातही मुख्यतः ओलावाच असतो.

ए-२ दूध चांगले, ए-१ ने पोट बिघडते, मधुमेह आणि हृदयविकार होतो, असे सांगितले जाते. ए-१ आणि ए-२ हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा आहे. चरबीशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून बडोद्याच्या एखाद्या दुकानात ‘ए-२ गीर गाईचे तूप’ अशी चिठ्ठी लावलेली बरणी साध्या तुपाच्या दुप्पट-तिप्पट दराने मिळत असेल, तर ज्या गोष्टीसाठी जादा पैसे मोजायचे ती गोष्ट बरणीत नाहीच. ती ताकात गेली आणि उरलीसुरली बेरीत राहिली. तूप चवीला उत्तम असेल, दह्याचे विरजण लावून घुसळलेले असेल, दाणेदार असेल, त्याला त्याची किंमत जरूर द्यावी. मात्र ती किंमत ‘ए-२’ या दोन अक्षरांची नसावी.

भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये नेमका हाच मुद्दा धरून दूध आणि दुधाच्या पदार्थांवरचे ए-१, ए-२ चे दावे काढून टाका, असे कंपन्यांना कळवले होते. दुधाचे ठरलेले मानक या दोन प्रकारांत भेद करत नाही, आणि तुपासारख्या पदार्थावर असा दावा करणे दिशाभूल करणारे आहे, असे त्यात म्हटले होते. पण अवघ्या काही दिवसांत, २६ ऑगस्टला, संबंधितांशी आणखी चर्चा करायची असे सांगून ही सूचना मागे घेतली गेली. ‘सरकारने ए-२ वर बंदी घातली’ आणि ‘सरकारने ए-२ ला मान्यता दिली’ हे दोन्ही निरोप तेव्हा मोबाइलवर फिरले, आणि दोन्ही चुकीचे होते. सूचना मागे घेणे म्हणजे दावा खरा ठरवणे नव्हे.

तूप बाजूला ठेवले की प्रश्न दुधाचा उरतो. तिथे मात्र सांगण्यासारखे बरेच आहे, आणि सगळेच ‘थोतांड’ म्हणून उडवून लावण्यासारखे नाही.

एका मण्याचा फरक

२५० मिलीच्या एका ग्लास गाईच्या दुधात साधारण ८ ग्रॅम प्रथिने असतात. त्यातले सुमारे ८० टक्के केसीन. लिंबू पिळल्यावर जे फाटून छेना म्हणून वर येते ते हेच. केसीनचे चार मुख्य प्रकार आहेत आणि त्यातला एक म्हणजे बीटा केसीन. ग्लासात तो अंदाजे अडीच ग्रॅम भरतो.

प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. बीटा केसीनच्या माळेत २०९ मणी असतात. ए-१ आणि ए-२ मध्ये फरक आहे तो फक्त ६७ व्या मण्याचा. ए-२ मध्ये त्या जागी प्रोलीन असते, ए-१ मध्ये हिस्टिडीन. बाकीचे २०८ मणी तेच आणि त्याच क्रमाने. गाईच्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदलले आणि हा फरक पडला. युरोपातल्या गुरांमध्ये तो हजारो वर्षांपूर्वी पसरला असे मानले जाते. बीटा केसीनचे आणखीही उपप्रकार आहेत. उदाहरणार्थ ‘बी’ हा प्रकार ६७ व्या जागी हिस्टिडीनच बाळगतो, त्यामुळे तो ए-१ च्या गटात मोजतात.

एका मण्याने काय बिघडणार, असे वाटेल. बिघडण्याची शंका आली ती प्रोलीनच्या स्वभावामुळे. प्रोलीन माळेत जिथे असते तिथली गाठ घट्ट असते आणि आतड्यातल्या पाचकरसांना ती सहज तोडता येत नाही. हिस्टिडीन असेल तर ६६ व्या आणि ६७ व्या मण्यांमधली गाठ सुटू शकते. ती सुटली, आणि दुसऱ्या बाजूने ५९ व्या नंतरची गाठही सुटली, की ६० ते ६६ असा सात मण्यांचा तुकडा मोकळा होतो. त्याचे नाव बीटा कॅसोमॉर्फिन-७. नावातला ‘मॉर्फिन’ उगाच आलेला नाही: अफूजन्य औषधे शरीरातल्या ज्या ग्राहींना चिकटतात, त्यांपैकी एका प्रकाराला हा तुकडाही चिकटतो, पण फार सैलपणे. अशा ग्राही आतड्याच्या भिंतीतही असतात आणि तिथे त्या आतड्याची हालचाल मंद करतात. पोट जड होणे, गुबारा धरणे यांचा संबंध इथे जोडला जातो, आणि तो जोडणे तर्काला सोडून नाही.

आता मात्रा पाहू, कारण भीती घालणाऱ्या निरोपांत मात्रा कधीच नसते. सात मण्यांच्या या तुकड्याचे वजन संपूर्ण माळेच्या सुमारे ३.३ टक्के. ग्लासातले अडीच ग्रॅम बीटा केसीन सगळेच्या सगळे ए-१ असले, आणि त्यातली एकूण एक माळ नेमकी तिथेच तुटली, तरी जास्तीत जास्त ८० मिलिग्रॅमच्या आसपास तुकडा मिळेल. पचन इतके नेमके कधीच होत नाही. माळ इतर ठिकाणीही तुटते, तुकड्याचेही तुकडे होतात, आणि आतड्याच्या भिंतीवर डीपीपी-४ नावाचे एक विकर असते ते याच तुकड्याला पहिल्या दोन मण्यांनंतर कापते. त्यामुळे खरा आकडा ८० च्या पुष्कळ खाली राहतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनाच्या काही प्रयोगांत ए-२ मधूनही हा तुकडा निघालेला दिसला आहे. म्हणजे ‘ए-१ मधून निघतो, ए-२ मधून मुळीच नाही’ हे जितके ठासून सांगितले जाते तितके पक्के नाही.

मधुमेह आणि हृदयविकाराचा दावा कुठून आला

ही सगळी चर्चा न्यूझीलंडमधून आली. तिथे बालमधुमेहाचा अभ्यास करणाऱ्या बॉब इलियट यांना प्रश्न पडला होता की सामोआ बेटावर जो आजार फार विरळ आहे, तो न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांत जास्त का दिसतो. त्यांचा संशय दुधावर गेला. पुढे १९९९ मध्ये आणि मग २००३ मध्ये देशादेशांची तुलना प्रसिद्ध झाली: एका बाजूला दरडोई ए-१ बीटा केसीन किती खाल्ले जाते, दुसऱ्या बाजूला टाइप-१ मधुमेह आणि हृदयविकार किती. आलेखावर ठिपके बऱ्यापैकी एका रेषेत आले. दरम्यान २००० मध्ये ए-२ दूध विकण्यासाठी तिथे एक कंपनीही स्थापन झाली होती.

अशा आलेखातली अडचण समजून घेणे फार गरजेचे आहे. त्यात कोणत्याही एका माणसाने किती दूध प्यायले आणि त्याला काय झाले, हे नसते. देशाची सरासरी देशाच्या सरासरीसमोर मांडलेली असते. ए-१ जास्त खाणारे देश म्हणजे मुख्यतः उत्तर युरोपातले, थंड हवेचे, कमी उन्हाचे, एका विशिष्ट वंशपरंपरेचे देश. त्यांचा आहार वेगळा, आजार नोंदवण्याची पद्धत वेगळी. यातल्या कोणत्याही गोष्टीमुळे तीच रेषा उमटू शकते. कमी देश घेतले की एक-दोन देश आत-बाहेर केल्यानेही रेषेचा कल बदलतो.

शंका आली की पुढची पायरी असते प्रयोग. मधुमेहाकडे झुकणाऱ्या उंदीर-घुशींवर वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून, कोणता आहार कोणता हे न कळता, केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. ए-१ ने मधुमेह वाढतो असे त्यात दिसले नाही. माणसांच्या कोलेस्टेरॉलबद्दल २००६ मध्ये न्यूझीलंडमधल्या ५५ जणांचा अभ्यास झाला. दोन्ही प्रकारचे दूध आणि चीज आळीपाळीने देऊन कोलेस्टेरॉलमध्ये फरक सापडला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात १५ जणांच्या रक्तवाहिन्यांचे काम तपासले गेले, तिथेही फरक नव्हता. हे अभ्यास लहान आहेत आणि काही आठवड्यांचेच आहेत, त्यामुळे वीस-तीस वर्षांत काय होते ते त्यांवरून सांगता येत नाही. पण ‘ए-१ ने हृदयविकार होतो’ असे म्हणणाऱ्याच्या हातात त्या आलेखाखेरीज फारसे काही नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये उपलब्ध सगळा पुरावा एकत्र पाहिला. बीटा कॅसोमॉर्फिन-७ पोटात जाणे आणि मधुमेह, हृदयविकार, स्वमग्नता यांसारखे आजार यांच्यात कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या मते या आजारांपुरता हा विषय, नवा भक्कम अभ्यास येईपर्यंत, इथे थांबवायला हरकत नाही. मुलाला टाइप-१ मधुमेह झाला म्हणून ‘आपणच चुकीचे दूध पाजले’ असे मनाला लावून घेणाऱ्या आईवडिलांना तर हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. तसा पुरावा नाही.

पोटाची तक्रार: इथे थोडे तथ्य आहे

पोटाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ४१ जणांवरचा अभ्यास आला. प्रत्येकाने काही दिवस फक्त ए-१ आणि काही दिवस फक्त ए-२ बीटा केसीनचे दूध घेतले. ए-१ च्या काळात शौच सरासरीने किंचित सैल होते. ‘किंचित’ हा शब्द मोजून वापरला आहे, कारण सात पायऱ्यांच्या मापावर फरक अर्ध्या पायरीचाही नव्हता. २०१६ मध्ये चीनमधल्या ४५ जणांवर दोन-दोन आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात दोन्ही प्रथिने असलेले नेहमीचे दूध घेतल्यावर पोटाच्या तक्रारी जास्त आणि पचनाचा प्रवास मंद दिसला. २०१७ मध्ये चीनमध्येच ६०० जणांना एकेकदा ३०० मिली दूध देऊन पुढच्या काही तासांतल्या तक्रारी विचारल्या, आणि ए-२ नंतर त्या कमी होत्या. चीनमधल्या दोन्ही अभ्यासांतले लोक आधीपासूनच ‘दूध सोसत नाही’ म्हणणारे होते. ज्याला दूध व्यवस्थित पचते त्याला ए-२ ने काही लाभ होतो, असे हे अभ्यास सांगत नाहीत.

चीनमधल्या या दोन्ही अभ्यासांना ए-२ दूध विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता. तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाहीत. पैसा कंपनीचा असला तरी पद्धत चांगली असू शकते. पण स्वतंत्र हातांनी, मोठ्या प्रमाणावर, भारतीय माणसांवर, भारतीय दुधाने असे निकाल पुन्हा आले की विश्वास वाढेल. तोवर वाक्य इतकेच ठेवावे: दूध प्यायल्यावर ज्यांना अस्वस्थ वाटते, त्यांतल्या काहींना ए-२ ने थोडे बरे वाटू शकते.

इथे एक घोळ हमखास होतो. दूध न सोसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण केसीन नसून लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. ती ए-१ आणि ए-२ दोन्हींत सारखीच, एका ग्लासात जवळजवळ १२ ग्रॅम. वय वाढताना ती पचवणारे विकर अनेकांत कमी होते, मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन तिथले जीवाणू तिचा वायू करतात. लक्षणेही तीच: गुबारा, गुरगुर, सैल शौच. दही आणि छास चालते पण दूध चालत नाही, असे असेल तर संशय आधी लॅक्टोजवर घ्यावा, कारण विरजणातले जीवाणू ती साखर बरीच खाऊन टाकतात. ए-२ दूध म्हणजे लॅक्टोज नसलेले दूध, ही समजूत सपशेल चुकीची आहे.

दुधाची ॲलर्जी हा तिसराच प्रकार. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, धाप लागणे, बाळाच्या शौचात रक्त, असे काही असेल तर ए-२ दूध देऊन पाहू नये. एक मणी बदलला तरी उरलेली माळ तीच आहे आणि ॲलर्जी तिलाच असते. तिथे बालरोगतज्ज्ञाकडेच जायचे.

बडोद्याच्या पाऊचमध्ये काय असते

ए-२ साठी जादा पैसे मोजण्याआधी आपण सध्या काय पितो ते पाहायला हवे. म्हशीच्या दुधातले बीटा केसीन ए-२ प्रकारचेच असते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशी गाईंच्या १५ जाती आणि म्हशींच्या ८ जाती मिळून ६१८ जनावरे तपासली. म्हशींत फक्त ए-२ सापडले. देशी गाईंतही ए-२ जनुकाचे प्रमाण ९८.७ टक्के होते. मही आणि साबरमतीच्या मधला हा पट्टा सुरती म्हशीचा. म्हणजे ज्या घरात पिढ्यान् पिढ्या म्हशीचे दूध येते, त्या घरात ए-२ दूध आधीपासूनच येते आहे, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी घेतलेले नाहीत.

ए-१ मुख्यतः येते ते होल्स्टिन फ्रिझियनसारख्या विदेशी गाई आणि त्यांच्या संकरांतून. डेअरीच्या पाऊचमध्ये म्हैस आणि गाय यांचे दूध एकत्र असू शकते. समजा निम्मे प्रथिन म्हशीचे, निम्मे गाईचे, आणि गाईच्या वाट्यातले ३० टक्के बीटा केसीन ए-१. म्हणजे एकूण १५ टक्के. ग्लासातल्या अडीच ग्रॅमपैकी ए-१ भरले ३७५ मिलिग्रॅम. त्यातून सात मण्यांचा तुकडा निघाला तर अगदी कमाल १२ मिलिग्रॅम. हे प्रमाण आम्ही गणितासाठी धरलेले आहे, प्रत्येक पाऊचगणिक ते बदलेल. पण परदेशी अभ्यासांतले दूध आणि आपल्या चहात पडणारे दूध एकच नाही, हे त्यावरून ध्यानात येईल. चहाच्या कपात तर ५० मिलीसुद्धा दूध नसते. तिथे ए-२ साठी दुप्पट पैसे देण्यात अर्थच नाही.

घरात रोज २ लिटर दूध लागते आणि साध्या दुधाचा दर ६० रुपये, ए-२ चा १२० रुपये लिटर असे धरले, तर महिन्याला ३,६०० रुपये जादा जातात. ज्या एका माणसाला त्रास होतो त्याचेच अर्धा लिटर वेगळे घेतले तर हाच खर्च ९०० वर येतो.

बाटलीत खरेच ए-२ आहे का

ए-१ आणि ए-२ दूध डोळ्यांनी, चवीने, सायीने किंवा लॅक्टोमीटरने ओळखता येत नाही. पिवळसर रंग म्हणजे ए-२, असे सांगतात तेही खरे नाही. तो रंग चाऱ्यातून येणाऱ्या बीटा कॅरोटीनचा असतो, आणि जर्सी गाईचे दूधही छान पिवळे असते. गीर गाईच्या दुधात सोने असते म्हणून ते पिवळे दिसते, असेही काही विक्रेते सांगतात. तो रंग सोन्याचा नव्हे.

खात्री होते ती गाईच्या जनुकतपासणीने. शेपटीच्या झुपक्यातले वीसेक केस मुळासकट उपटायचे, कापायचे नाहीत, कारण जनुके मुळाशी असलेल्या पांढुरक्या गाठीत असतात. केस कोरड्या कागदी पाकिटात घालून, त्यावर गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहून ते प्रयोगशाळेत पाठवतात. उत्तर तीनपैकी एक येते: दोन्ही बाजूंनी ए-२, दोन्ही बाजूंनी ए-१, किंवा आईकडून एक आणि बापाकडून दुसरे. तिसऱ्या प्रकारची गाय दोन्ही प्रथिने जवळजवळ सारख्या प्रमाणात देते. दहा गाईंच्या तबेल्यात अशी एक गाय असली आणि सगळ्यांचे दूध सारखे असले, तर एकत्र केलेल्या दुधातले ५ टक्के बीटा केसीन ए-१ निघेल. मालकाचा हेतू स्वच्छ असला तरी असे होते. गीर दिसणारी, लोंबत्या कानांची गाय आजीच्या पिढीत संकरित झालेली असू शकते.

उलटेही खरे आहे. होल्स्टिन गाय दोन्ही बाजूंनी ए-२ असू शकते, आणि न्यूझीलंडमधला ए-२ चा सगळा व्यापार अशा निवडलेल्या विदेशी गाईंवरच उभा राहिला. ‘देशी’ आणि ‘ए-२’ हे दोन वेगळे शब्द आहेत. गीर गाय उन्हाळा सोसते, गोचीड-आजारांना बऱ्यापैकी टक्कर देते, तिची जात टिकली पाहिजे, आणि याची कारणे भक्कम आहेत. ती ए-२ च्या दाव्यावर टेकवायची गरज नाही.

दूधवाल्या भाईंना म्हणून दोनच प्रश्न विचारावेत. दूध देणाऱ्या प्रत्येक गाईचा जनुकअहवाल आहे का? आणि गाई आटल्या की दूध कुठून भरून काढता? पहिल्याचे उत्तर ‘आमच्या सगळ्या गीरच आहेत’ असे आले तर ते उत्तर नव्हे. दुसऱ्यावर गडबडले तर समजावे की बाहेरचे दूध मिसळते. काचेच्या बाटलीत येणारे कच्चे दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. उकळल्याने ए-२ चे ए-१ होत नाही, आणि न उकळता प्यायल्याने ब्रुसेलोसिस किंवा गाईचा क्षय होऊ शकतो.

आपल्याच पोटावर नीट तपासणी

दूध बदलले आणि दोन दिवसांत बरे वाटले, यावरून काही ठरत नाही. महाग बाटली पाहूनच निम्मे बरे वाटते, आणि पोटाच्या तक्रारी तशाही आठवड्यागणिक कमी-जास्त होतात. त्यामुळे आंधळी चाचणी करावी. घरात दोन माणसे हवीत, एक पिणारा आणि एक देणारा. आधी एक आठवडा लॅक्टोज काढलेले दूध घ्या, ते मोठ्या दुकानांत मिळते. तक्रार पार गेली तर कारण सापडले, पुढची खटपट नको.

तक्रार राहिली तर सहा आठवडे ठरवा. देणाऱ्याने सहा चिठ्ठ्या कराव्यात, तीनवर ए-२, तीनवर नेहमीचे गाईचे दूध. दर रविवारी एक चिठ्ठी काढून ती बाजूला ठेवून द्यावी आणि पिणाऱ्याला काहीही सांगू नये. सोमवार ते शुक्रवार रोज २५० मिली दूध, नाश्त्यानंतर, त्याच पेल्यात. शनिवार-रविवार दूध बंद. दोन्ही दुधे उकळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून साय काढून टाकावी, नाहीतर चरबीचा फरक पोटात जाणवेल आणि दोष प्रथिनाला जाईल. चवीवरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत सारखीच वेलची आणि चिमूटभर हळद घालावी. तुलना म्हशीच्या किंवा मिश्र दुधाशी करू नये, कारण तेही बरेचसे ए-२ च असते. संकरित गाईंचेच दूध मिळवावे.

पिणाऱ्याने रोज झोपताना गुबारा, दुखणे आणि शौच यांना शून्य ते तीन गुण द्यावेत. लग्नाचे जेवण, फाफडा-जलेबीचा रविवार, प्रतिजैविकांची गोळी असे काही झाले तर वहीत बाजूला लिहावे, आणि तो आठवडा बिघडला असेल तर तीच चिठ्ठी परत घालून पुन्हा घ्यावा. सहा आठवडे झाले की चिठ्ठ्या उघडण्याआधी पिणाऱ्याने सांगायचे, माझे त्रासाचे तीन आठवडे हे. तिन्ही बरोबर निघाले तर ते नुसत्या योगायोगाने घडण्याची शक्यता २० मध्ये १ आहे, आणि त्या माणसासाठी ए-२ चे अर्धा लिटर जरूर सुरू करावे. दोन बरोबर आणि एक चूक निघाले तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण तेवढे अंदाजपंचेही २० पैकी ९ वेळा जुळते.